वही तिरकी केली

तळं दिसायच्या आधी तळ्याचा वास यायचा. दोरांसाठी अंबाडीचे भारे पाण्यात कुजत घातले की त्या बाजूनं जाणारा माणूस नाकाला फडकं लावूनच जाई. ह्या वर्षी पाणी लवकर आटलं. उरलेल्या पाण्यावर आधी गुरांचा हक्क, मग धुण्याचा आणि सगळ्यात शेवटी अंबाडीचा, असं गावच्या बैठकीत ठरलं आणि दोरवाल्याच्या घरी निरोप आला: अमुक दिवशी सूर्य मावळायच्या आत सगळे भारे पाण्याबाहेर. नाही निघाले तर राखणदार ते ओढून बांधावर फेकील आणि मग त्यांचं काय होईल ते उन्हाला विचारा.

तो दिवस आज उजाडला होता. आणि आजच दुपारी दोरवाल्याच्या लेकीच्या बाईंचा, त्यांची बदली झाली म्हणून, शाळेत निरोपसमारंभ होता.

दोरवाल्याला गावात कुणी दोरवाला म्हणत नसे. त्याचं नाव पडलं होतं कर्णा. आवाज तसा, म्हणून. कुणी निवृत्त होवो, कुणाची बदली होवो, कुणाच्या म्हशीला प्रदर्शनात बक्षीस मिळो, भाषणाला कर्णाच. ध्वनिक्षेपक बंद पडला तरी त्याचं अडत नसे. एरवी चार चौघांत मान खाली घालून उभा राहणारा, ओल्या पायजम्याचा, बोटांना भेगा पडलेला हा माणूस भाषणाला उभा राहिला की वीतभर जास्तच उंच दिसे. दोरखंड विकताना त्याच्याशी घासाघीस करणारे लोक त्या दिवशी त्याला खुर्ची देत.

आज तो कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि भाऱ्यावरचे दगड बाजूला करता करता तालीम करत होता.

"परमपूज्य बाई! आपण म्हणजे ज्ञानाचा अथांग सागर! आपण आमच्या आयुष्यात प्रकाश आणलात! हात धरून आम्हाला घडवलंत! आपले उपकार आम्ही जन्मोजन्मी..."

"भारा सरकतोय," बायको काठावरून म्हणाली.

त्यानं भारा धरला, एक काडी उपसली आणि बुडखा मोडून साल ओढून पाहिली. हीच परीक्षा. नीट कुजलेल्या अंबाडीची साल काडीवरून मोज्यासारखी सुटते. कच्ची असेल तर चिकटून बसते, जास्त झाली तर हातात तुटते. ही सुटली, पण शेवटच्या वितीला अडली.

"अजून दोन दिवस हवे होते हिला," तो म्हणाला.

"दोन दिवस त्याला माग," बायकोनं हनुवटीनं दाखवलं.

'तो' म्हणजे राखणदार. बांधावर छत्री रोवून, तिच्या सावलीत पाय पसरून तो सकाळपासून बसला होता. हातात काठी, नाकावर रुमाल.

"मागू नका," रुमालाच्या आतून आवाज आला. "मी हुकमाचा ताबेदार. तुमच्या भाऱ्यांनी माझं नाक गेलंय, नोकरी तरी राहू द्या."

लेक काठावरच्या सपाट दगडापाशी बसून सुटलेला वाख, म्हणजे सालीचे धागे, पाण्यात खळबळत होती. तिला सगळेच मुंगी म्हणत. बारीक, काळीसावळी, सतत काहीतरी ओढून नेणारी. यंदा ती पाचवीत होती. डाव्या हातानं वाखाची जुडी धरायची, आपटायची, पिळायची, उजवीकडं ठेवायची. सगळे उलटं करतात ते ती सुलटं करायची, असं बाप थट्टेनं म्हणे. आज मात्र तिचा हात मधेच थांबला.

"बाबा."

"काय गं? कसं वाटलं? 'अथांग'वर जरा थांबतो मी. तिथं टाळी येते."

"बाबा, तुम्ही हे बोललात तर मी समारंभाला येणार नाही."

कर्ण्याच्या हातातला दगड पाण्यात पडला. बायकोनं पाहिलं, राखणदारानं रुमाल खाली केला.

"का? काय झालं?"

मुंगीनं आधी जुडी पिळली. चांगली कोरडी होईपर्यंत पिळली. मग म्हणाली, "वर्गात सगळ्यांना पाठ आहे तुमचं. पोस्टमास्तर गेले तेव्हा हेच होतं. गुरांचे डॉक्टर गेले तेव्हा हेच. परवा मधल्या सुट्टीत सगळे ओरडत होते, ज्ञानाचा अथांग सागर, ज्ञानाचा अथांग सागर. माझ्याकडं बघून."

"डॉक्टरांना ज्ञानाचा नाही म्हटलं मी. सेवेचा म्हटलं."

"आणि म्हशीला?" बायकोनं विचारलं.

"म्हशीला दुधाचा."

राखणदार इतका हसला की छत्री कलंडली. कर्णा हसला नाही. पाणी त्याच्या कमरेभोवती हळूहळू फिरत होतं आणि त्याला पहिल्यांदा त्याची थंडी जाणवली. समारंभात तो उभा राहणार, मुलं पुढचं वाक्य त्याच्या आधी म्हणणार, सगळी शाळा हसणार आणि त्या हसण्यात मुंगीच्या बाई मान खाली घालून बसणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. आणि मुंगी तिथं नसणार.

"मग मी बोलतच नाही," तो म्हणाला.

"असं कसं?" बायको म्हणाली. "बाईंचे आभार मानायचेत की नाही? की फक्त टाळ्या घ्यायच्यात?"

"मानायचेत ना! म्हणून तर एवढे चांगले शब्द..."

"चांगले आहेत. पण कुणालाही चालतात." तिनं पदर कमरेला खोचला आणि गुडघाभर पाण्यात उतरली. बोलता बोलता तिचे हात चालूच होते: बुडखा मोडायचा, साल सोडवायची, काडी मागं फेकायची. "थांबा, दाखवते. अहो राखणदारभाऊ, तुमची बदली झाली असं समजा."

"देव करो आणि होवो," राखणदार म्हणाला.

"हे म्हणतील, ते तुम्हाला चालतंय का सांगा. म्हणा हो पहिलं वाक्य."

कर्णा नाइलाजानं म्हणाला, "आपण आमच्या आयुष्यात प्रकाश आणलात."

राखणदारानं विचार केला. "चालेल. मागं विजेचा खांब पडला होता तेव्हा मीच कळवलं होतं."

"पुढचं."

"आपण स्वतः झिजून इतरांना सुगंध दिलात."

"सुगंधाचं राहू द्या आज," राखणदार म्हणाला, "पण झिजलोय. हे बघा, चपला बघा."

"आपले उपकार आम्ही जन्मोजन्मी विसरणार नाही."

"हे तर घरी चौकटीत लावीन!"

मुंगी आता तोंडावर हात ठेवून हसत होती. वाखाचं पाणी तिच्या कोपरावरून गळत होतं.

"बघितलंत?" बायको म्हणाली. "सगळं भाषण त्यांनी अंगाला लावून घेतलं. बाईंना काय उरलं?"

कर्णा पाण्यात वाकला, भाऱ्याखाली दोन्ही हात घातले आणि तो एका दमात उचलून काठावर आणला. पाण्याचा लोट त्याच्या छातीवरून खाली आला. मग तो ओला, धापा टाकत म्हणाला, "ठीक. राखणदाराला चालणार नाही असं एक वाक्य काढू. एक तरी."

"काढा की," राखणदार सावरून बसला. "मी आहेच."

आणि गंमत सुरू झाली. हात अंबाडीत आणि डोकं बाईंच्या मागं. सूर्य चढत होता, भारे निघत होते, दोरीवर वाखाच्या पांढुरक्या लडी एकीला एक लागून वाळत होत्या आणि तिघंही बोलत होती.

"बाई प्रेमळ आहेत," आई म्हणाली.

"मीही," राखणदार म्हणाला.

"बाई कधी मारत नाहीत," मुंगी म्हणाली.

"काठी आहे पण मीही कधी मारत नाही."

"तुला ताप आला तेव्हा घरी आल्या होत्या," कर्णा उत्साहानं म्हणाला. "काढा घेऊन!"

"त्या बाई नव्हेत," मुंगी म्हणाली. "त्या पहिलीच्या बाई. त्यांचं लग्न झालं आणि गेल्या."

"मग स्पर्धेत बक्षीस..."

"ते मोठ्या गुरुजींनी दिलं."

कर्ण्याला घाम फुटला. चार वर्षं पोरगी एका बाईंच्या हाताखाली शिकली आणि त्याच्याकडं त्या बाईंचं म्हणून एक गोष्ट निघेना. भाषणं किती केली! म्हशीवर बोलताना त्यानं म्हशीकडं एकदा पाहिलं तरी होतं.

"तुम्ही स्वतः काय पाहिलंय?" बायकोनं विचारलं. "ऐकलेलं नको. डोळ्यांनी पाहिलेलं."

"मी शाळेत कधी जातो? दोर द्यायला गेलो तर..." तो थांबला. हातातली साल अर्धी सुटलेली होती. ती तशीच लोंबत राहिली. "घंटेचा दोर."

"काय घंटेचा दोर?"

"अगं, घंटेचा दोर तुटला होता! मुंगी दुसरीत होती. मी नवा लावायला शिडीवर चढलो होतो. शिडी खिडकीला टेकवलेली. घंटेच्या कडीत गाठ बसेना, तिथंच होतो बराच वेळ." त्याचा आवाज आपोआप चढला होता, पलीकडच्या बांधावरची म्हैससुद्धा वळली. "आत बाईंचा तास चालला होता. मी सगळं पाहिलं!"

"काय सगळं?"

"फळ्यावर लिहीत होत्या. डाव्या हातानं!"

मुंगी उभी राहिली. "तुम्ही पाहिलं ते?"

"पाहिलं म्हणजे! इतकं वेडंवाकडं अक्षर. मला वाटलं उजवा हात दुखावला असेल. पोरं हसत होती. बाई पण हसत होत्या."

"आणि आम्हाला कधी सांगितलं नाहीत?" बायको म्हणाली.

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? कुणी पडलं नाही, कुणी रडलं नाही. मी गाठ मारली आणि उतरलो. मग बाई मुंगीजवळ आल्या आणि तिचा हात धरून..."

"नाही," मुंगी म्हणाली.

"काय नाही?"

"हात नाही धरला. हात तर सगळेच धरायचे. पहिलीच्या बाई धरायच्या आणि पेन्सिल उजव्या हातात द्यायच्या. ह्या बाईंनी हाताला हातच लावला नाही."

"मी पाहिलंय, अगं, वाकल्या होत्या तुझ्यावर."

"वाकल्या होत्या, पण माझी पेन्सिल मागून घेतली. माझ्याच वहीत डाव्या हातानं लिहिलं, एक ओळ. मग आपला हात सगळ्यांना दाखवला. इथं काळं झालं होतं." तिनं डाव्या तळव्याची करंगळीकडची कड दाखवली. "म्हणाल्या, 'अरेच्चा! डाव्या हातानं लिहिलं की हात लिहिलेल्यावरूनच पुढं सरकतो. हिचं अक्षर घाण नाहीये. हात पुसतोय.'"



"मग?" राखणदारानं विचारलं. तो छत्री सोडून काठापर्यंत आला होता.

"मग वही तिरकी केली." मुंगीनं ओल्या दगडावर दोन्ही तळवे ठेवून दाखवलं. "वहीचं डोकं असं उजवीकडं कलतं केलं. परत लिहून पाहिलं. मग आणखी थोडी फिरवली. म्हणाल्या, 'आता हात ओळीच्या खाली राहतो. बघ बरं तुला जमतंय का.' आणि माझी जागा बदलली. मला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं. आधी माझं कोपर शेजारणीच्या कोपरावर आपटायचं आणि ती ओरडायची."

"अगं बाई," आई म्हणाली आणि कमरेतून सरळ झाली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळल्याची खूण होती. "म्हणून तुझी बाही स्वच्छ यायला लागली! पहिलीत तुझ्या झग्याची डावी बाही रोज काळी. दगडावर घासून घासून विरली होती ती. मग एकदम थांबलं. मला वाटलं पोरगी शहाणी झाली."

"पोरगी तीच होती," कर्णा म्हणाला. "वही फिरली."

आणि तो राखणदाराकडं वळला. पाण्यातून हात वर करून, समारंभात करायचा तसा. "बोला! हे तुम्हाला चालतंय?"

राखणदारानं खरोखर विचार केला. रुमाल काढून नाक चोळलं. "नाही," तो म्हणाला. "हे माझं नाही. हे बाईंचंच आहे."

कर्ण्यानं अशी आरोळी ठोकली की तळ्यातले बगळे उडाले.

*

कागद मुंगीच्या वहीचा, पेन तिचंच, मेज म्हणजे धुण्याचा दगड. लिहायचं कर्ण्यानं, कारण आभार आईबापाचे. त्यानं हात बायकोच्या पदराला पुसले तरी कागदावर बोटांचे ओले ठसे उमटलेच. पलीकडं मायलेकी सोलत होत्या, कारण भारे थांबणार नव्हते.

त्यानं लिहिलं: परमपूज्य गुरुमाउली.

"बाई रस्त्यात भेटल्या तर काय म्हणता?" बायकोनं विचारलं.

"बाई, नमस्कार."

"मग?"

त्यानं खोडलं. 'बाई, नमस्कार' लिहिलं. दोन शब्दांचं ते वाक्य कागदावर उघडं पडल्यासारखं दिसत होतं. त्याला लाज वाटली, जशी सदरा काढून बैठकीत बसल्याची वाटावी.

पुढचं वाक्य त्यानं म्हणून दाखवलं. "आपण विद्यार्थ्यांच्या अडचणी अत्यंत आत्मीयतेनं समजून घेता."

"पुन्हा राखणदार," मुंगी म्हणाली.

"मग समजून घेतल्या हे लिहायचंच नाही?"

"काय केलं ते लिहा," बायको म्हणाली. "समजून घेतलं हे त्यावरून कळतं की. कुजलेली साल आपोआप सुटते, कच्ची ओढावी लागते. तुमची वाक्यं ओढलेली आहेत."

कर्णा तिच्याकडं पाहत राहिला. "हे भाषणात घेऊ का?"

"लिहा मुकाट्यानं."

त्यानं आधी वेळ लिहिली: मुंगी दुसरीत होती तेव्हा. मग जागा: मी घंटेचा दोर बांधायला शिडीवर होतो. तिथं तो अडला. "हे माझं कशाला? पत्र बाईंबद्दल आहे."

"पण तुम्ही पाहिलंत हे त्यांना कसं कळणार?" मुंगी म्हणाली. "त्यांना वाटत असेल, फक्त आम्हीच होतो."

ते राहिलं. फळ्यावरचं वेडंवाकडं अक्षर राहिलं. "त्यांना वाईट वाटेल का?" त्यानं विचारलं. मायलेकींनी एकदम माना हलवल्या. वही तिरकी केली, ह्यापाशी त्यानं 'अलौकिक प्रतिभेनं' असं घातलं आणि स्वतःच खोडलं. बाईंचे शब्द मुंगीनं सांगितले तसे उतरवले. त्यात 'अरेच्चा' सुद्धा घेतलं. मग त्यानं लिहिलं की त्या दिवसापासून मुलगी वर्गात पहिली येते.

"मी पहिली नाही येत," मुंगी म्हणाली. "तिसरी येते. कधी पाचवी."

"बोलण्यात चालतं तेवढं."

"कागदावर नाही चालत. बाईच तपासतात पेपर."

"आणि ते पोरीचं कौतुक झालं," बायको म्हणाली. "बाहीचं लिहा. बाही मी धुतलीय."

ते वाक्य तिनं सांगितलं आणि त्यानं जसंच्या तसं लिहिलं. लिहिताना त्याच्या ध्यानात आलं की ह्यात एकही मोठा शब्द नाही आणि तरी आपण प्रत्येक शब्द दोनदा वाचून बघतोय. म्हशीच्या वेळी एकदाही वाचलं नव्हतं.

शेवटाला तो पुन्हा घसरला. आपले आशीर्वाद असेच राहोत, पुढच्या वर्षी भाचीही शाळेत येणार आहे, नव्या बाईंकडं शब्द टाका... बायकोनं नुसतं पाहिलं. त्यानं तेही काढलं. आभारात मागणं घातलं की ते आभार राहत नाहीत, हे त्याला दोर विकताना केव्हाच कळलं होतं. गोड बोलून आलेलं गिऱ्हाईक पुढच्याच वाक्याला भाव पाडतं.

कागद खाडाखोडीनं भरला होता. कडेला हिरवट डाग, एका कोपऱ्याला वाखाचा धागा चिकटलेला. "स्वच्छ उतरवून काढतो," तो म्हणाला.

तेवढ्यात शाळेची घंटा झाली. त्याच्याच दोराची.

"धावा!" बायको ओरडली. "मुंगी, पाय धू! अहो, तुम्ही पण! मी एवढी जुडी टाकून येते."

"आणि भारे?" कर्ण्यानं तळ्याकडं पाहिलं. पाण्यात अजून काळे ढिगारे उरले होते.

"मावळायला वेळ आहे," राखणदार छत्री मिटत म्हणाला. "मलाही यायचंय. बघू दे तरी, बाईंना चालतंय का."

*

शाळेच्या पटांगणात सतरंज्या घातल्या होत्या. ओट्यावर खुर्च्या. बाई मधल्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर पर्स, नजर फाटकाकडं. बाहेर त्यांचं सामान भरलेला टेम्पो उभा होता. मोठ्या गुरुजींनी चार शब्द सांगितले, त्यात वेळापत्रकच जास्त होतं. दोन मुलींनी गाणं म्हटलं. मग गुरुजी म्हणाले, "आणि आता, नेहमीप्रमाणे..."

सगळी मुलं हसली. कर्णा ओट्यावर चढला. पायजमा कमरेपर्यंत ओला होता आणि अंगाला तळ्याचा वास येत होता; पहिल्या रांगेनं नाकं धरली. त्यानं खिशातून कागद काढला.

मागच्या रांगेतून आवाज आला, "आपण म्हणजे..."

आणि अर्ध्या शाळेनं एका सुरात पुरं केलं, "ज्ञानाचा अथांग सागर!"

मोठे हसले. गुरुजी "शांत, शांत" म्हणत स्वतः हसले. कर्ण्यानं मुलींच्या रांगेत पाहिलं. मुंगी तिथं होती, कडेला, डाव्या टोकाला. ती हसत नव्हती आणि मान खालीही घालत नव्हती. तिनं मांडीवर दोन तळवे ठेवले आणि किंचित उजवीकडं फिरवले.

त्यानं ध्वनिक्षेपक बाजूला सारला. त्याची त्याला कधीच गरज नव्हती. पण आज त्यानं आवाजही बाजूला सारला. घरात बोलतो तसा वाचू लागला. ऐकू यावं म्हणून शाळा गप्प झाली.

"बाई, नमस्कार.

मुंगी दुसरीत होती तेव्हा घंटेचा दोर बदलायला मी शिडीवर चढलो होतो. खिडकीतून तुमचा तास दिसत होता. तुम्ही फळ्यावर डाव्या हातानं लिहून बघत होता. अक्षर वाकडं आलं, मुलं हसली, तुम्हीही हसलात. मग मुंगीच्या वहीत डाव्या हातानं लिहून तुम्ही आपला काळा झालेला हात वर्गाला दाखवलात. म्हणालात, 'अरेच्चा, हिचं अक्षर घाण नाहीये, हात पुसतोय.' तुम्ही तिचा हात बदलला नाहीत. वही तिरकी केली आणि तिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलंत.

त्याआधी तिची डावी बाही रोज काळी व्हायची. तिची आई ती दगडावर घासायची. त्यानंतर घासावी लागली नाही.

हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. तुमचे आभार."

त्यानं कागद खाली केला. टाळी आली नाही. टाळी कुठं वाजवायची ते कुणाला कळलंच नव्हतं. एवढं छोटं! लोक अजून वाट पाहत होते.

बाईंच्या कपाळाला आठी पडली होती. "मला हे आठवतच नाही," त्या म्हणाल्या.

कुणीतरी फिस्सकन हसलं. कर्ण्याचे कान तापले.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी आपला डावा तळवा उलटा करून पाहिला, कडेनं, करंगळीपासून मनगटापर्यंत. मग एकदम मान वर केली. "घंटा वाजत नव्हती! म्हणून तास लांबला होता! तो दिवस? अहो, ह्याच नादात त्या दिवशी माझा धडा राहिला होता. नेमके तपासणीला साहेब आले, त्यांनी माझ्या वहीत शेरा मारला, पाठ अपूर्ण. मी घरी जाऊन रडले होते. चार वर्षं तो दिवस माझ्या डोक्यात वाया गेलेला दिवस म्हणून बसलाय." त्यांचा आवाज चिरकला आणि त्या हसू लागल्या, दोन्ही एकदम. "आणि तुम्ही शिडीवर होतात!"

"गाठ बसत नव्हती," कर्णा म्हणाला.

"मुंगी, ये इकडं. कशी केली होती गं वही? मी विसरले."

मुंगी धावत ओट्यावर गेली. तिनं बापाच्या हातातला कागद घेतला, बाईंच्या पर्सवर ठेवला, त्याचं डोकं उजवीकडं कलतं केलं आणि आणखी थोडं फिरवलं. बाईंनी डाव्या हातात पेन धरून कागदाच्या कडेला काहीतरी लिहिलं, वेडंवाकडं, आणि हात उलटा करून सगळ्या शाळेला दाखवला. स्वच्छ.

आता टाळी आली. तीही मुंगीच्या वर्गातून, जे 'अथांग सागर' म्हणाले होते त्यांच्यातूनच आधी.

"बाई, तो कागद द्या," कर्णा कानाशी कुजबुजला. "खाडाखोड आहे, वास येतोय. स्वच्छ उतरवून टपालानं पाठवतो."

बाईंनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवून पर्सची चेन ओढली. "काही उतरवू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुन्हा लिहिलंत तर त्यात सागर घालाल."

*

टेम्पो वळणाआड गेला तेव्हा ऊन तांबूस झालं होतं. तिघंही तळ्याकडं जवळजवळ पळतच निघाली. कर्णा मधेच थांबून मोठ्यानं हसायचा, "शेरा मारला होता म्हणे! पाठ अपूर्ण!" आणि पुन्हा पळायचा. मुंगी पुढं. मागून राखणदार, काठी टेकत, गप्प. इतका वेळ तो कधी गप्प राहिला नव्हता.

तळ्यात अजून बरेच भारे होते. कर्ण्यानं सदरा काढून फेकला आणि पाण्यात उडी घेतली. बायको दुसऱ्या बाजूनं उतरली. दगड बाजूला, भारा वर, काठावर. दगड बाजूला, भारा वर. साल सोलायला वेळ नव्हता, आधी नुसते बाहेर काढायचे आणि ओलं फडकं टाकून ठेवायचे. सूर्य बांधाला टेकला.

"कर्णा," राखणदार काठावरून म्हणाला. "मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय."

"होय का? छान!" भारा ओढत कर्णा म्हणाला.

"भाषण तूच करशील."

"करीन की."

"मला तो अथांग सागर नको." तो जरा घुटमळला. "मलाही असंच काहीतरी कर. बाईंसारखं."

कर्ण्यानं डोळ्यांवरचं पाणी निपटलं. "करीन. पण काय केलंत ते सांगा ना, राखणदारभाऊ. काहीतरी पाहिजे ना हातात."

राखणदारानं विचार केला. छत्रीकडं पाहिलं, काठीकडं पाहिलं, चपलांकडं पाहिलं. तळ्याच्या मधोमध, सगळ्यात खोल जागी, शेवटचे भारे काळेशार होऊन बसले होते आणि त्यांच्यावरून बुडबुडे येत होते. सूर्याची अर्धी चकती गेली होती.

त्यानं काठी जमिनीत रोवली. रुमाल घट्ट नाकावर बांधला, पायजमा मांड्यांपर्यंत खोचला आणि शिव्या देत पाण्यात उतरला.

"मुंगे," भाऱ्याखाली हात घालत तो रुमालातून ओरडला, "कागद काढ. हे लिही."